बरं, आणि त्याचं काय?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी, शाळेची सहामाहीची पेपरतपासणी मांडून बसलो असताना, माझ्या मोबाइलवर एक ओळ येऊन थडकली. नंबर अनोळखी. खाली नाव नाही, वर नमस्कार नाही, मागेपुढे एक अक्षर नाही. ओळ एवढीच होती : 'बरं, आणि त्याचं काय?'

कुणाचं काय? कशाचं काय? एखादा अनोळखी गृहस्थ दार ढकलून सरळ माजघरात यावा, पाटावर बसावा आणि 'वाढा पुढचं' म्हणावा, तसं वाटलं. पण हा गृहस्थ अगदीच परका नव्हता हेही जाणवत होतं. परका माणूस 'बरं' म्हणून सुरुवात करीत नाही.

मी भाषा शिकवतो. त्यामुळे असल्या ओळी पुसून टाकण्याऐवजी त्यांची व्यवच्छेदक तपासणी करण्याची खोड मला लागली आहे. वाचकहो, जरा माझ्याबरोबर बसा आणि पाहा, चार शब्दांत केवढा ऐवज असतो.

पहिला शब्द 'बरं'. म्हणजे आधी काही बोलणं झालं आहे, त्याचं उत्तर मिळालं आहे आणि ते विचारणाऱ्याला पटलंही आहे. पटलं नसतं तर 'पण' आला असता. दुसरा शब्द 'आणि'. म्हणजे विचारायच्या गोष्टी एकाहून अधिक होत्या. एक निकालात निघाली, आता दुसरीची पाळी. चौथा शब्द 'काय' हा एकटाच उभा आहे. 'काय झालं' असतं तर एखादी गोष्ट घडून गेली असावी अशी अपेक्षा दिसली असती. 'काय करायचं' असतं तर निर्णय हवा होता असं म्हटलं असतं. नुसत्या 'काय'मध्ये दोन्ही मावतात.

सगळी मेख आहे ती तिसऱ्या शब्दात. 'त्याचं'. यातलं शेवटचं 'चं' आपल्या काही उपयोगाचं नाही. ते पुढच्या 'काय'शी जुळवून घेतं, मागच्या वस्तूशी नाही. पण त्याच्या आधीचं 'त्या' मात्र बोलकं आहे. स्त्रीलिंगी काही असतं तर 'तिचं' आलं असतं. तेव्हा साडी गेली, हळद गेली, मुलीची सोयरीक गेली. अनेक असते किंवा मानाचा एक असता तर 'त्यांचं' आलं असतं. म्हणून साताऱ्याचे कंदी पेढेही गेले आणि गुरुजीही गेले. जवळची, समोरची वस्तू असती तर 'ह्याचं'. म्हणजे वस्तू किंवा माणूस दूरचा, किंवा पूर्वी बोलून झालेला. इथपर्यंत व्याकरणाने हात धरून आणलं. यापुढे त्याने हात सोडला. कारण 'तो' आणि 'ते' या दोघांनाही विभक्ती लागली की दोघंही 'त्या' होतात. तो दस्त की ते घर, तो मुलगा की ते औषध, हे मराठी भाषा मराठी माणसाला सांगत नाही.

एवढं झाल्यावर माणसाचा शोध. 'बरं, आणि' असा ठेका आमच्या नात्यात एकाच व्यक्तीचा आहे, तो म्हणजे सांगलीच्या मावशीचा. फोनवर ती बोलते तेव्हा दर दोन वाक्यांनंतर 'बरं, आणि' येतंच. नातवाने तिला नवा फोन आणि त्याबरोबर नवा नंबर घेऊन दिला असणार. तिच्या दृष्टीने फोन बदलला म्हणून बोलणं कुठे बदलतं! ते आपलं चालूच आहे. माझ्याकडे मात्र कोरी पाटी.

माणूस सापडला तरी प्रश्न सुटला नव्हता. उलट इथेच तो अवघड झाला. मावशीच्या तोंडी 'त्याचं' म्हणजे काय काय असू शकेल, याची मी मनाशी मोजदाद केली. एक, कृष्णेकाठचं आजोळचं घर. २०१९ सालच्या पुरात त्याच्या भिंतींनी ओल धरली आणि तेव्हापासून ते विकायचं की डागडुजी करायची, हा वाद चालू आहे. दुसरा, माझ्या मुलाचा निकाल. आणि तिसरा, मामा.

तुम्ही म्हणाल, मामांना 'त्यांचं' म्हणायला हवं. मी म्हणेन. पण मावशीचा तो धाकटा भाऊ. तिच्या तोंडी सत्तरीचा मामाही 'तो'च. आदरार्थी बहुवचन बोलल्या जाणाऱ्या माणसावर ठरत नाही, बोलणाऱ्यावर ठरतं. म्हणून विचारणारा कोण हे कळल्यावाचून 'त्याचं' या शब्दाचा अर्थ लागत नाही, आणि विचारणारा कळल्याबरोबर मघाशी बाद केलेला एक उमेदवार परत रांगेत येऊन उभा राहतो.

मामा महिनाभर आमच्याकडे साताऱ्यात होते. मानेवर एक गाठ आली होती, तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि कागद यायचा होता. मामांनी आम्हा सगळ्यांना शपथच घातली होती, 'आक्काला यातलं काही कळता कामा नये. कागद आला म्हणजे मी सांगेन.' तेव्हा मावशीने 'त्याचं काय?' हे मामांविषयी विचारलं असेल, तर तिला कुठून तरी कुणकुण लागली होती. विचारलं नसेल आणि मी भाबडेपणाने 'अजून रिपोर्ट आला नाही, काळजी करू नकोस' असं लिहिलं, तर सणाच्या तोंडावर सांगलीच्या घरात काय झालं असतं ते सांगायला नको.

तर्काने उत्तर देण्यातला हा खरा धोका. चुकीचं उत्तर गेलं तर आपलं हसं होतं, एवढंच आपण धरून चालतो. पण चुकीच्या उत्तरातून न विचारलेली गोष्ट बाहेर पडते, आणि ती परत आत घेता येत नाही.

बरं, उलट प्रश्न करावा, तर तोही जपून करावा लागतो. 'कुणाचं विचारतेस? घराचं, निकालाचं, की मामांचं?' असं लिहिलं की झालंच! पर्याय मांडण्यातच बातमी दिली जाते. मग मी एकच पर्याय, तोही अगदी निरुपद्रवी, पुढे केला आणि दार अर्धवट उघडं ठेवलं. लिहिलं, 'मावशी, तूच ना? घराचं विचारतेस का आणखी कशाचं?' तिच्या मनात घर असेल तर 'होय' येईल. मामा असेल तर तीच नाव घेईल, आणि मग ते तिच्या तोंडून आलेलं असेल, माझ्या नव्हे.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'घर गेलं उडत. बंबाचं!'

आदल्या रात्री मावशी माझ्या बायकोशी फोनवर अर्धा तास बोलली होती. फराळाला कोण कधी येणार ते ठरलं, तेच ते 'बरं'. त्यानंतर विषय निघाला होता तो आजीच्या तांब्याच्या बंबाचा. तो आमच्याकडे आहे आणि त्याला बुडाशी चीर जाऊन पाणी ठिबकत होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाच्या पाण्याने न्हाणं व्हायचं, तर त्याआधी तांबटाकडून डाग देऊन आणायला हवा होता. फोन मध्येच तुटला. मावशीने सकाळी उरलेला प्रश्न पुरा केला, फक्त तो माझ्या हातात येऊन पडला. मी ज्या तीन गोष्टींची मोजदाद केली होती त्यांत बंब कुठेच नव्हता. (मामांनी पुढे भाऊबीजेला सांगलीला जाऊन, ओवाळून झाल्यावर, आपल्या तोंडाने आक्काला सगळं सांगितलं. कागद तोवर आला होता आणि चांगला आला होता.)

बंबाला डाग लागला, पण माझ्या डोक्यातून ती ओळ गेली नाही. कारण असल्याच ओळींवर आयुष्य वेचलेला एक शाळामास्तर आमच्या त्या भागात होऊन गेला, त्याची मला आठवण झाली. वासुदेवशास्त्री खरे. जन्म १८५८ चा, मृत्यू १९२४ चा. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत. नाटकं लिहिली, काव्यं लिहिली, नाना फडणिसांचं चरित्र लिहिलं. पण त्यांचं मोठं काम म्हणजे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वाचून, लावून, १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ती छापीत जाणं.

जुनं दप्तर म्हणजे आपण समजतो तशी क्रमवार लावलेली फाइल नव्हे. कापडी रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मोडीत लिहिलेले, मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ धरली की अक्षरं एकमेकांत गुंतत जातात. आणि त्यांत पुष्कळ पत्रं अशी की त्यांवर महिना आहे, चंद्र आहे, पण साल नाही. कारण उघड आहे. पत्र आठवड्याभरात वाचलं जायचं होतं. वाचणाऱ्याला चालू साल कोणतं ते ठाऊक होतं. दीडशे वर्षांनी मिरजेतला एक मास्तर ते उलगडून बसेल, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

त्यातही सर्वांत अवघड जात पुरवण्यांची. मुख्य पत्र लिहून झालं की राहिलेली बाब वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून सोबत जोडीत; ती पुरवणी. पुरवणीला तारीख कशाला हवी, ती मूळ पत्रावर आहेच. नाव कशाला, तेही मूळ पत्रात आहे. 'त्या कामाचे काय केले ते लिहून पाठवणे' एवढं म्हटलं की पुरे. पुढे कधी तरी रुमाल सुटतो, कागद चाळले जातात, मूळ पत्र एका गठ्ठ्यात राहतं आणि पुरवणी दुसऱ्यात जाते. मावशीचा मेसेजच तो, फक्त दौतीतल्या शाईने लिहिलेला.

असा कागद हाती आला तर काय करायचं? पहिल्यांदा मायना पाहायचा. 'तीर्थरूप' म्हटलं तर लिहिणारा लहान, 'चिरंजीव' म्हटलं तर मोठा. 'राजश्री' म्हटलं तर बरोबरीचा व्यवहार. 'सेवेसी' आणि 'विज्ञापना' आली की चाकराने धन्याला लिहिलेलं. मावशीच्या 'बरं, आणि'ने जे काम केलं तेच हे. नाव नसलं तरी नातं सापडतं, आणि नातं सापडलं की उमेदवार दोनचारच उरतात.

नंतर साल काढायचं. इथे थोडं गणित आहे, पण ते फार गोड गणित आहे. ही पत्रं मुसलमानी महिन्यांनी लिहिलेली असत. तो महिना निव्वळ चंद्राचा; त्याचं वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. म्हणून तो दर वर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आता समजा, एका पुरवणीवर रमजानचा चंद्र आहे, साल नाही, आणि मजकुरात शाळूची पेरणी चालू असल्याचा उल्लेख आहे. शाळू पेरतात तो पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. रमजान १७६५ साली फेब्रुवारीच्या अखेरीस लागला होता. तेव्हा शाळू पेरायचा नव्हे, काढायचा असतो. तो १७७६ साली ऑक्टोबरच्या मध्यावर लागला, १७७८ साली सप्टेंबरात. म्हणजे आपलं पत्र १७७६ च्या आगेमागे चारपाच वर्षांतलं. किंवा त्याआधी ३३ वर्षांचं! पण लिहिणारा माणूस मायन्यावरून कळला असेल, तर तो तेव्हा जन्मला होता की नाही एवढं पाहिलं की हे दुसरं टोक गळून पडतं.

उरलेल्या चारपाच वर्षांतून एक निवडायचं तर वार कामाला येतो. पत्रात कधीकधी वार असतो. मंदवार म्हणजे शनिवार, भृगुवार म्हणजे शुक्रवार. ३५४ ला सातांनी भागलं की चार उरतात, ३५५ ला भागलं की पाच. म्हणजे तीच चंद्रतारीख पुढल्या वर्षी चार किंवा पाच वार पुढे पडते. त्यामुळे जवळजवळच्या वर्षांत वार बहुधा एकाच वर्षी जुळतो. 'बहुधा' म्हणायचं, कारण चंद्र दिसण्यावर महिना धरला जातो आणि ढगाने घात केला तर एक दिवस इकडचा तिकडे होतो. एका दिवसाचा फरक पडला तर बिचकायचं नाही. तीन दिवसांचा पडला तर मात्र आपला तर्क चुकला असं समजून परत ऋतूपासून सुरुवात करायची.

हे सगळं करूनही 'ते काम' कोणतं, हे कळतंच असं नाही. तिथे प्रामाणिक संपादक थांबतो. मोठ्या मोहिमेच्या वर्षीचा कागद आहे, तर 'ते काम' मोहिमेचंच असणार, असं म्हणण्याचा मोह अनावर असतो. पण सरदारसुद्धा संसारी माणसं होती. मोहिमेच्या धामधुमीत त्यांनी मुंजीचे मुहूर्त विचारले आहेत, घोड्यांची औषधं विचारली आहेत. बंब तिथेही असू शकतो.

जुन्या कारकुनांनी या दुखण्यावर एक औषध काढलं होतं आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. उत्तर लिहिताना ते आधी आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यात पुन्हा लिहीत. 'पत्र पाठविले ते पावले. अमुक गावाचा वसूल आला नाही म्हणून लिहिले. त्यास...' आणि मग उत्तर. पुन्हा दुसरी बाब, पुन्हा 'त्यास...' वाचताना आपल्याला ते पाल्हाळ वाटतं. पण मूळ पत्र वाळवीने खाल्लं असलं तरी केवळ उत्तरावरून ते अर्धंअधिक उभं करता येतं ते या पाल्हाळामुळे. आजच्या सरकारी पत्रावर डोक्याशी 'विषय' आणि 'संदर्भ' असतात तो याचाच वंशज. आमच्या शाळेत मागे एका कचेरीतून नुसतं 'स्मरणपत्र क्र. २' आलं, संदर्भाची जागा कोरी. कोणत्या गोष्टीचं स्मरण, ते लिहिणाराच विसरला होता. आमच्या लेखनिकांनी आवक नोंदवही आणि जावक नोंदवही शेजारीशेजारी ठेवून, ज्या पत्राला उत्तर गेलेलं नाही असं एकच शोधून काढलं आणि दोन ओळींत विचारलं, 'आपल्या अमुक तारखेच्या पत्राचे हे स्मरण समजावे काय?' यातलं 'समजावे काय' मला आवडलं. आपला तर्क सांगितला, पण उत्तर लगेच पाठवून दिलं नाही.

संदर्भ मुद्दाम गाळूनही कधी लिहिलं जातं, हेही इथे सांगायला हवं. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती जे सावकारी पत्र पडल्याचं सांगतात, त्यात दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या अशाच भाषेतला मजकूर होता. ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे. तो साताऱ्यालाच इंग्रजांचा अधिकारी होता. तिऱ्हाइताच्या हाती ते पत्र पडतं तर त्याला ती पेढीची खोट वाटली असती. नानासाहेबांना ती ओळ वाचताक्षणी कळली, कारण उत्तरेकडच्या बातमीवाचून त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

सुटीनंतर शाळा उघडल्यावर मी नववीच्या वर्गात एक खेळ केला. प्रत्येकाने आपल्या घरात कानावर पडलेला एक प्रश्न, त्याचं मागचंपुढचं काढून टाकून, फळ्यावर लिहायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा. शहरातल्या मुलांनी 'ती झाली का?', 'त्याला सांगितलंस का?' असं बरंच काही लिहिलं आणि वर्गाने हमखास भलतं ओळखलं. शेवटी मागच्या बाकावरची, रोज एसटीने येणारी एक मुलगी उठली. तिने लिहिलं, 'ते आलं का?' वडील रोज संध्याकाळी दारात चपला काढताना आईला एवढंच विचारतात, म्हणाली.

पुढच्या बाकांवरून पत्र, पार्सल, पाणी असे अंदाज आले. मागचे तीन बाक मात्र एका आवाजात म्हणाले, "उसाचं बिल!"